अ‍ॅमिओडॅरोनमुळे वाढलेला थायरॉइड: पहिला प्रकार, दुसरा प्रकार आणि दोन्हींतील उपचाराचा फरक

प्रश्न: माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित होतात म्हणून अडीच वर्षांपासून रोज २०० मिलिग्रॅम अ‍ॅमिओडॅरोन आणि सोबत वॉरफेरिन चालू आहे. हृदयाचे पंपिंग ३५ टक्के आहे, मधुमेहही आहे. तीन महिन्यांत सात किलो वजन घटले. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी आणि फ्री टी-४ ५.८ आले. एका डॉक्टरांनी कार्बिमॅझोल सुरू केले, पाच आठवडे झाले, फारसा फरक नाही. आता दुसरे डॉक्टर स्टिरॉइड द्या म्हणतात. मधुमेहात स्टिरॉइड कसे द्यायचे? दोघांपैकी बरोबर कोण? आणि अ‍ॅमिओडॅरोनच बंद केले तर प्रश्न मिटणार नाही का?

उत्तर:

तुम्ही दिलेल्या माहितीवरून हा आजार दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींची मोडतोड होऊन साठलेले संप्रेरक रक्तात गळण्याचा असण्याची शक्यता अधिक वाटते, आणि तसे असेल तर स्टिरॉइड हाच मुख्य उपचार आहे. मात्र पहिल्या डॉक्टरांनी चूक केली असे म्हणणे योग्य होणार नाही, कारण सुरुवातीच्या रक्ततपासणीत दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. अ‍ॅमिओडॅरोन घरच्या घरी बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि अंतःस्रावतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घ्यायचा आहे. आणि वडिलांचे पंपिंग ३५ टक्के असल्याने आणखी दोन महिने वाट पाहण्याची चैन आपल्याला नाही. यातील प्रत्येक गोष्टीचे कारण पुढे सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या भेटीत कोणते प्रश्न विचारायचे ते तुम्हाला समजेल.

आधी औषधाविषयी. अ‍ॅमिओडॅरोनच्या रेणूच्या वजनापैकी सुमारे ३७ टक्के आयोडीन असते. म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन आहे, आणि त्यातून दररोज ६ ते ७ मिलिग्रॅम मुक्त आयोडाइड शरीरात सुटते. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे एका गोळीतून गरजेच्या चाळीसपटीहून अधिक आयोडीन मिळते. औषध चरबीत विरघळणारे असल्याने ते चरबी, यकृत, फुप्फुसे आणि खुद्द थायरॉइड ग्रंथी यांत साठत जाते. ते शरीरातून निघून जाण्याचा वेग फार मंद आहे. निम्मे औषध कमी होण्यास दीड ते तीन महिने लागतात, काहींना त्याहूनही अधिक. गोळी थांबवल्यावर सहा महिन्यांनी, क्वचित वर्षभरानेही हा त्रास प्रथमच सुरू झालेले रुग्ण दिसतात, त्याचे कारण हेच.

या आयोडीनच्या पुराला निरोगी ग्रंथी कसे तोंड देते हे समजले की बाकीचे सोपे होते. आयोडीन एकदम वाढले की ग्रंथी काही दिवस संप्रेरकाची निर्मिती आपणहून थांबवते, आणि मग आयोडीन आत घेण्याचे प्रमाण कमी करून पुन्हा नेहमीच्या कामाला लागते. ज्यांना हे पुन्हा कामाला लागणे जमत नाही त्यांचा थायरॉइड कमी पडतो. स्त्रियांत आणि ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची टीपीओ प्रतिपिंडे आधीपासून आहेत त्यांच्यात हे अधिक घडते, आणि जेथे आहारात आयोडीन पुरेसे आहे अशा प्रदेशांत ही कमतरताच जास्त आढळते. तिचा उपचार सरळ आहे: अ‍ॅमिओडॅरोन चालू ठेवून लेव्होथायरॉक्सिन द्यायचे, हृदय कमकुवत असेल तर अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत न्यायचे. तुमच्या वडिलांचा प्रश्न याच्या उलट बाजूचा आहे, म्हणून मी येथे थांबतो.

संप्रेरक वाढण्याचे प्रकार दोन. पहिल्या प्रकारात ग्रंथी मुळातच पूर्ण निरोगी नसते. तिच्यात मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीचे न ऐकणाऱ्या गाठी असतात, किंवा ग्रेव्हज आजार, म्हणजे प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चालना देतात तो, सुप्तावस्थेत असतो. अशा पेशींना आयोडीनचा कच्चा माल मिळाला की त्या बेसुमार संप्रेरक तयार करू लागतात. येथे निर्मिती वाढलेली असते. दुसऱ्या प्रकारात ग्रंथी बहुधा आधी निरोगी असते, पण अ‍ॅमिओडॅरोन आणि त्यापासून शरीरात तयार होणारे डेसइथाइल-अ‍ॅमिओडॅरोन हे दोन्ही पेशींना विषासारखे बाधतात, पेशी मोडतात, आणि आत कित्येक आठवडे पुरेल एवढे साठवून ठेवलेले संप्रेरक रक्तात ओतले जाते. येथे नवी निर्मिती जवळजवळ थांबलेलीच असते. कणगी फुटून धान्य सांडत असताना पुढची पेरणी थांबवून काही उपयोग होत नाही, कणगीच लिंपावी लागते. कार्बिमॅझोल हे पेरणी थांबवणारे औषध आहे. ते नव्या संप्रेरकाची निर्मिती रोखते, साठ्याला हात लावत नाही.

हा केवळ तर्क नाही. अ‍ॅमिओडॅरोन आणि थायरॉइड या विषयावर इटलीतील पिसा येथील बार्तालेना, मार्तिनो आणि बोगाझ्झी यांच्या गटाने अनेक वर्षे काम केले आहे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत त्यांनी कार्बिमॅझोलच्याच कुळातील मेथिमॅझोल आणि प्रेडनिसोन यांची तुलना केली, तेव्हा चाळीस दिवसांनंतर मेथिमॅझोल घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचे संप्रेरक वाढलेलेच होते, तर प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्साच तसा राहिला होता. तुमच्या वडिलांना पाच आठवड्यांत फरक पडला नाही हे या निष्कर्षाशी जुळते. पण तेवढ्यावरून दुसरा प्रकार सिद्ध होत नाही, कारण आयोडीनने भरलेली ग्रंथी पहिल्या प्रकारातही कार्बिमॅझोलला हट्टीपणे दाद देत नाही, आणि तेथेही दोन-तीन महिने लागू शकतात. म्हणून औषध लागू पडले नाही एवढ्यावर प्रकार ठरवू नये. तपासण्यांची साथ घ्यावी.

तपासण्यांकडे वळताना पहिली खबरदारी रक्ताच्या अहवालाविषयी. टी-४ आणि त्यापासून बनणारे टी-३ ही थायरॉइडची संप्रेरके, तर टीएसएच हे पिट्युटरीचे, थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक. टी-४ आणि टी-३ फार वाढले की टीएसएच दबतो. अ‍ॅमिओडॅरोन हे टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर करणाऱ्या विकराला रोखते. त्यामुळे थायरॉइड अगदी ठीक असलेल्या रुग्णाचाही फ्री टी-४ सामान्य मर्यादेच्या वरच्या टोकाला किंवा किंचित वर असतो, टी-३ खालच्या टोकाला असतो, आणि पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडा वाढून मग पूर्ववत होतो. थोडासा वाढलेला टी-४ पाहून कोणी घाईने उपचार सुरू करू नये एवढ्यासाठी हे सांगितले. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही शंका उरत नाही: टीएसएच पूर्ण दबलेला आहे आणि टी-४ नेहमीच्या १.८ च्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक आहे. फ्री टी-३ केले नसेल तर ते करून घ्या. पुढे उपचाराचा परिणाम मोजताना टी-४ इतकाच त्याचा उपयोग होतो, कारण हृदयावर प्रत्यक्ष काम टी-३ करते.

या रुग्णांत लक्षणेही फसवी असतात. अ‍ॅमिओडॅरोन स्वतःच हृदयाचा वेग काही प्रमाणात धरून ठेवते, त्यामुळे धडधड, हातांचा कंप, घाम ही नेहमीची चिन्हे अनेकदा नसतातच. दिसते ते विनाकारण घटणारे वजन, मांड्यांतील अशक्तपणा, आणि काबूत असलेली अनियमित धडधड पुन्हा उफाळून येणे. वॉरफेरिन घेणाऱ्यांत आणखी एक खूण असते आणि ती मला फार मोलाची वाटते. थायरॉइड वाढला की रक्त गोठवणारे घटक लवकर खर्ची पडतात आणि वॉरफेरिनची तीच मात्रा अधिक चढते. अ‍ॅमिओडॅरोन स्वतःही वॉरफेरिनचा परिणाम वाढवते, पण ते सुरुवातीच्या आठवड्यांत होते आणि मात्रा एकदा बसवली की स्थिर राहते. दोन-अडीच वर्षे स्थिर असलेला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, अचानक वर जाऊ लागला, तर थायरॉइड तपासायला हवा. वडिलांचे मागील चार-सहा महिन्यांचे आयएनआरचे कागद तारखेनुसार लावून पाहा. आजार केव्हा सुरू झाला याचा अंदाज त्यातून येऊ शकतो.

आता प्रकार ओळखणे. सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे थायरॉइडची रंगीत डॉप्लर सोनोग्राफी. पहिल्या प्रकारात ग्रंथीतील रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि गाठी किंवा फुगलेली ग्रंथी दिसते. दुसऱ्या प्रकारात ग्रंथी लहान किंवा जेमतेम मोठी असते आणि एवढे संप्रेरक वाढलेले असूनही तिच्यात रक्तप्रवाह जवळजवळ दिसत नाही. ही विसंगतीच निदान सांगते. पण तपासणी करणाऱ्याचा हात आणि यंत्राची मांडणी यांवर निकाल फार अवलंबून असतो. मंद प्रवाह टिपण्यासाठी यंत्र नीट लावले नाही किंवा प्रोब मानेवर जोराने दाबला, तर असलेला प्रवाहही दिसेनासा होतो. म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘थायरॉइड सोनोग्राफी’ असे न लिहिता ‘अ‍ॅमिओडॅरोन चालू आहे, संप्रेरक वाढले आहेत, ग्रंथीतील रक्तप्रवाह वाढलेला आहे की नाही ते कळवा’ असे लिहून घ्यावे. प्रश्न ठाऊक असलेला रेडिओलॉजिस्ट उत्तर नेमके देतो. तुम्ही पाठवलेल्या माहितीत डॉप्लरचा उल्लेख नाही. झाली नसेल तर ती याच आठवड्यात व्हावी.

रेडिओआयोडीन अपटेक, म्हणजे दिलेल्या किरणोत्सारी आयोडीनपैकी ग्रंथी किती घेते ते मोजणे, ही तपासणी अनेक जण सुचवतात, आणि तिचा अर्थ लावताना सर्वांत जास्त गोंधळ होतो. शरीरात आयोडीनचा इतका साठा असताना ग्रंथी तपासणीचे आयोडीन फारसे घेतच नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारांत आकडा कमी येऊ शकतो. भारतात १९८० आणि १९९० च्या दशकांपासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार झाला असल्याने आपल्याकडे तर हे अधिकच लागू आहे. अर्थ एकाच बाजूने निघतो: अपटेक सामान्य किंवा वाढलेला आला तर पहिला प्रकार जवळजवळ निश्चित होतो, पण कमी आला म्हणून दुसरा प्रकार सिद्ध होत नाही. अलीकडे अँजिओग्राफी किंवा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाले असेल तर हा आकडा आणखीच निरुपयोगी ठरतो. काही केंद्रांत टेक्नेशियम सेस्टामिबी हे स्कॅन वापरतात. त्यात पहिल्या प्रकारात ग्रंथी द्रव्य धरून ठेवते आणि दुसऱ्यात धरत नाही. तर्क चांगला आहे, परंतु त्याचा अनुभव मर्यादित आहे आणि मी त्यावर एकट्यावर निर्णय घेणार नाही.

रक्तात टीएसएच रिसेप्टरची प्रतिपिंडे सापडली तर ग्रेव्हज, म्हणजे पहिला प्रकार. नसली तरी गाठींमुळे होणारा पहिला प्रकार राहतोच. इंटरल्युकिन-६ आणि थायरोग्लोब्युलिन यांच्यावर एके काळी बरीच भिस्त होती, पण व्यवहारात ती फोल ठरली आहे. त्यांवर पैसे खर्च करू नका. उरतो तो काळ. पहिला प्रकार बहुधा औषध सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत उद्भवतो, दुसरा दोन-अडीच वर्षांच्या आसपास. तुमच्या वडिलांना अडीच वर्षे झाली आहेत. या एका गोष्टीचे वजन मी डॉप्लरच्या खालोखाल धरतो.

दुसऱ्या टोकाचा रुग्ण कसा दिसतो हे समोर असावे म्हणून एक उदाहरण रचून सांगतो. ५८ वर्षांची स्त्री, वीस वर्षांपासून गळ्यावर गलगंडाची गाठ, अ‍ॅमिओडॅरोन सुरू होऊन चार महिने झालेले. टीएसएच दबलेला, फ्री टी-४ ३.९. प्रतिपिंडे नाहीत. सोनोग्राफीत उजवीकडे तीन सेंटिमीटरची गाठ आणि तिच्याभोवती ठळक रक्तप्रवाह. अपटेक १८ टक्के, म्हणजे एवढ्या आयोडीनच्या पार्श्वभूमीवर आश्चर्यकारक. हा पहिला प्रकार, यात शंका नको. येथे स्टिरॉइड देऊन फारसा लाभ होणार नाही. अ‍ॅमिओडॅरोनला पर्याय असेल तर ते थांबवायचे, कारण आयोडीन मिळत राहिले तर आग विझणार नाही. कार्बिमॅझोल रोज ४० ते ६० मिलिग्रॅम, म्हणजे साध्या ग्रेव्हजमध्ये अनेकदा पुरते त्याहून अधिक. काही देशांत आयोडीनचा ग्रंथीतील प्रवेश रोखणारे सोडियम परक्लोरेट चार ते सहा आठवडे, दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त नाही या मर्यादेत, जोडीला देतात. त्याने अस्थिमज्जा आणि मूत्रपिंड यांना धोका असल्याने तेथेही ते जपूनच वापरतात. संप्रेरके काबूत आल्यानंतर गाठीचा कायमचा बंदोबस्त करावा लागतो, शस्त्रक्रियेने किंवा पुढे शरीरातील आयोडीन ओसरल्यावर रेडिओआयोडीनने. दुसऱ्या प्रकारात अशा कायमच्या बंदोबस्ताची बहुतेक वेळा गरज पडत नाही, हा दोन्हींतील आणखी एक व्यावहारिक फरक.

आता तुमच्या वडिलांचा विचार. डॉप्लरमध्ये ग्रंथी लहान आणि रक्तप्रवाह नाही असे आले, प्रतिपिंडे नाहीत आणि गाठ नाही, तर मी दुसरा प्रकार धरून प्रेडनिसोलोन रोज सकाळी ३० ते ४० मिलिग्रॅम सुरू करेन. स्टिरॉइड पेशींतील दाह शमवते आणि टी-४ चे टी-३ होणेही काही प्रमाणात रोखते. परिणाम लवकर दिसतो: दहा-चौदा दिवसांत फ्री टी-४ आणि टी-३ ठळकपणे उतरले तर निदान योग्य होते असे समजावे. ही चाचणी कोणत्याही स्कॅनइतकी मोलाची आहे, म्हणून दोन आठवड्यांनी रक्त तपासायला विसरू नये. मात्र ग्रंथी मोठी असेल किंवा सुरुवातीचा टी-४ फार चढलेला असेल तर प्रतिसाद मंद असतो. ५.८ हा आकडा बराच वर असल्याने पहिल्या तपासणीत पूर्ण सामान्य आकडे येतील अशी अपेक्षा धरू नका, उतार आहे की नाही ते पाहा. आकडे सामान्य झाल्यानंतरच मात्रा हळूहळू उतरवायची असते आणि एकूण उपचार साधारण दोन ते तीन महिने चालतो. घाईने कमी केली तर संप्रेरके पुन्हा उसळी घेतात. टी-४ आणि टी-३ ठीक झाल्यानंतरही टीएसएच कित्येक आठवडे दबलेलाच राहतो, केवळ त्या एका आकड्यासाठी औषध लांबवू नये.

डॉप्लरचा निकाल मधलाच आला, म्हणजे थोडा प्रवाह आहे, लहानशी गाठही आहे, तर काय करायचे? अशा मिश्र किंवा अनिश्चित रुग्णांत कार्बिमॅझोल आणि प्रेडनिसोलोन दोन्ही एकत्र सुरू करणे हा मान्य मार्ग आहे, आणि हृदय अशक्त असताना निश्चितीच्या शोधात आठवडे दवडण्यापेक्षा मला तो अधिक सुरक्षित वाटतो. युरोपियन थायरॉइड असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही ही वाट दिलेली आहे. वडिलांना पाच आठवडे कार्बिमॅझोल दिलेच आहे, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी ते चालू ठेवून स्टिरॉइड जोडायला सांगितले तर त्यात विसंगती नाही. निदान स्पष्ट झाले की नको असलेले औषध काढून घेता येते. कार्बिमॅझोल चालू असेपर्यंत ताप किंवा घसादुखी झाली तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची मोजणी करावी आणि अहवाल येईपर्यंत गोळी थांबवावी. कावीळ किंवा गडद लघवी दिसली तरी तसेच.

मधुमेहात स्टिरॉइड देता येते, फक्त त्याची तयारी आधी करावी लागते. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन प्रामुख्याने दुपारनंतरची आणि संध्याकाळची साखर वाढवते, उपाशीपोटीची साखर अनेकदा ठीकच दिसते. म्हणून फक्त सकाळची साखर मोजून निश्चिंत राहू नका, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. ज्यांना एरवी गोळ्या पुरतात त्यांनाही या दोन-तीन महिन्यांत इन्सुलिन लागू शकते, आणि ते तात्पुरते असते. हृदय कमकुवत असल्यामुळे पाणी साठणे हा दुसरा धोका. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा धाप वाढली तर लगेच कळवा. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण पाहता स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे पाहणे मी कधीही वगळत नाही, त्यातही पूर्वी क्षयरोग झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि काही आठवडे घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद करायचे नसते. औषधाच्या दुकानातील साठा संपला म्हणून दोन दिवस चुकले, असेही होऊ देऊ नका.

वॉरफेरिनकडे या काळात दुप्पट लक्ष हवे. संप्रेरके चढलेली असताना कमी केलेली मात्रा, संप्रेरके उतरू लागली की कमी पडू लागते आणि रक्ताच्या गुठळीचा धोका उभा राहतो. उपचार सुरू झाल्यापासून स्थिरता येईपर्यंत आठवड्याला एकदा आयएनआर पाहावा.

अ‍ॅमिओडॅरोन थांबवण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी घेतला, कारण त्याचे उत्तर प्रकारावर अवलंबून आहे. औषध शरीरात महिनोन्महिने राहत असल्याने आज गोळी थांबवून पुढच्या महिन्यात थायरॉइड सुधारणार नाही. उलट ते हृदयाला जे संरक्षण देत आहे, अनियमित ठोक्यांना आवर घालणे आणि टी-४ चे टी-३ होणे रोखणे, ते मात्र हळूहळू कमी होत जाईल. पहिल्या प्रकारात, पर्याय असेल तर, ते थांबवणे श्रेयस्कर असते. दुसऱ्या प्रकारात हृदयासाठी ते आवश्यकच असेल तर चालू ठेवूनही स्टिरॉइडने बरे होता येते, मात्र बरे होण्यास वेळ अधिक लागतो आणि त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढते. हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचा नेमका प्रश्न असा: हे औषध अनियमित ठोके आटोक्यात ठेवण्यापुरते आहे, की प्राणघातक अनियमिततेपासून वाचवण्यासाठी आहे? पहिले असेल तर दुसरी वाट शोधता येते. दुसरे असेल तर ते सहसा काढत नाहीत, थायरॉइडलाच सांभाळून घेतात.

शेवटची आणि वडिलांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट शस्त्रक्रियेची. थायरॉइड वाढलेला असताना शस्त्रक्रिया करू नये हा नियम एरवी बरोबर आहे. परंतु अ‍ॅमिओडॅरोनमुळे वाढलेल्या थायरॉइडमध्ये पंपिंग ४० टक्क्यांच्या खाली असेल, औषधांना प्रतिसाद मिळत नसेल आणि हृदयाची स्थिती घसरत असेल, तर संपूर्ण ग्रंथी काढून टाकणे हा जीव वाचवणारा उपाय ठरतो. त्याने संप्रेरकाचा स्रोत एका दिवसात बंद होतो आणि हृदयासाठी अ‍ॅमिओडॅरोन निर्धास्तपणे चालू ठेवता येते, बदल्यात आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. ही शस्त्रक्रिया अनुभवी थायरॉइड सर्जन आणि हृदयरुग्णांचा सराव असलेला भूलतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावी. परिस्थिती फार बिघडलेली असेल तर आधी प्लाझ्माफेरेसिस, म्हणजे रक्तातील द्रव भाग यंत्राने काढून बदलणे, हे करून रक्तातील संप्रेरक तात्पुरते कमी करता येते, पण तो परिणाम काही दिवसांचाच असतो, त्यानंतर लगेच शस्त्रक्रिया ठरलेली असावी लागते. चूक होते ती येथे: स्टिरॉइडच्या चार-सहा आठवड्यांनंतरही आकडे हलत नाहीत, रुग्ण दर आठवड्याला थोडा अधिक थकतो, आणि सर्जनचे नाव प्रथम तेव्हा निघते जेव्हा तो भूल सोसण्यापलीकडे गेलेला असतो. म्हणून स्टिरॉइड सुरू करतानाच सर्जनची भेट घेऊन ठेवा. बहुधा त्यांची गरज पडणार नाही. दोन आठवड्यांच्या तपासणीत उतार दिसला तर ती भेट रद्द करा, न दिसला तर पुढची पायरी ठरलेली असेल.

त्या दोन आठवड्यांत धाप वाढली, पायांवर सूज आली, विश्रांतीतही नाडी १२० च्या वर राहू लागली, किंवा ताप येऊन वडील गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर बाह्यरुग्ण विभागाची तारीख पाहत न बसता थेट आकस्मिक विभागात न्या आणि पहिले वाक्य ‘अ‍ॅमिओडॅरोनमुळे थायरॉइड वाढलेला आहे’ असे सांगा. सोबत सगळे थायरॉइडचे आणि आयएनआरचे कागद तारखेच्या क्रमाने ठेवा. तेथे कोणी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करू पाहत असेल, तर त्यातही आयोडीन असते याची आठवण करून द्या. स्कॅन जीव वाचवण्यासाठी लागत असेल तर ते होऊ द्यावे, पण पर्याय असेल तर टाळावे. बरे झाल्यानंतर दुसऱ्या प्रकारात काहींचा थायरॉइड उलट कमी पडू लागतो, म्हणून पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी, आणि अ‍ॅमिओडॅरोन चालूच राहिले तर त्यानंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ तपासत राहा. मधल्या काळात वजन घटू लागले किंवा आयएनआर विनाकारण वर गेला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात रक्त द्या.